सासूबाईंचा नियम आणि च्यवनप्राशचा डबा



थंडी सुरू झाली की आपल्या घरातल्या कपाटात एक डबा हमखास येतो. सकाळी दुधाबरोबर नातवंडांना एक चमचा, आजी-आजोबांना एक चमचा. हा डबा च्यवनप्राशचा. गेल्या वर्षी या डब्यामुळे आमच्या घरात जे घडलं, त्यानंतर मी जुने ग्रंथ, आमच्या आजेसासूबाईंची वही आणि डब्यावरची बारीक अक्षरं असं तिन्ही शेजारी ठेवून वाचलं. त्यातून जे कळलं ते आज लिहिते आहे.

आमच्या सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. सहा वर्षांपूर्वी चातुर्मासात माताजींकडून त्यांनी साखरेचा आजन्म त्याग घेतला. नियमाला त्या इतक्या पक्क्या की चहा बिनसाखरेचा, सणाला पुरणपोळी समोर आली तरी हात लावणार नाहीत. तरीही दर वर्षी संक्रांतीनंतरच्या तपासणीत त्यांची साखर वाढलेली निघायची. गेल्या वर्षी उपाशीपोटीची १७२ आली. दिवाळीच्या आधी ती १३० च्या आसपास होती. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, थंडीत खाण्यात काय बदलतं?" आई म्हणाल्या, "काही नाही हो, उलट थंडीत मी औषध जास्त घेते. च्यवनप्राश."

घरी आल्यावर मी डबा हातात घेतला. एका धार्मिक कार्यक्रमाच्या ठिकाणी लागलेल्या दुकानातून आम्ही तो घेतला होता. मोठ्या अक्षरांत 'मधरहित' लिहिलेलं होतं म्हणून आनंदाने घेतला. मागच्या बाजूला आवळा आणि पुढे तीस-पस्तीस वनस्पतींची नावं, प्रत्येकीपुढे मिलिग्रॅमचा आकडा. सगळ्यात शेवटी तूप, तिळाचं तेल आणि शर्करा, आणि त्यांच्यापुढे आकडा नाही, तर 'आवश्यकतेनुसार'. ज्या वस्तूने अर्ध्याहून जास्त डबा भरला होता, तिचंच माप लिहिलेलं नव्हतं. हे बेकायदेशीर नाही. च्यवनप्राश आपल्याकडे बहुधा आयुर्वेदिक औषध म्हणून विकलं जातं आणि औषधाच्या डब्यावर बिस्किटाच्या पुड्यासारखा साखर-चरबीचा तक्ता असतोच असं नाही. मी डब्यावरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्या बाईंनी सरळ सांगितलं, "ताई, किलोला सहाशे-सव्वासहाशे ग्रॅम साखर असते. मध घालत नाही ना, मग तेवढी साखर वाढवावी लागते."

आता हिशेब करू या. तो एक किलोचा डबा आई एकट्या खायच्या आणि तो पंचवीस दिवसांत संपायचा. म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम. त्यात साखर पंचवीस ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच सपाट चमचे. साखरेचा आजन्म त्याग केलेल्या बाईच्या पोटात रोज पाच चमचे साखर जात होती आणि तिला किंवा आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. एक चमचा म्हणून त्या जो घ्यायच्या तो जेवणाचा मोठा चमचा, आणि तोही शिगोशीग भरून. मी तो काट्यावर ठेवला तर वीस ग्रॅम भरला. सकाळी एक, रात्री एक.

इथे मला प्रश्न पडला की हे असं मुळापासूनच होतं का? आपल्या पूर्वजांनी औषधात एवढी साखर घातली होती का? म्हणून मागे जाऊ या.

च्यवन ऋषींची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वारुळात बसून तप करणारे म्हातारे ऋषी, राजा शर्यातीची मुलगी सुकन्या, आणि अश्विनीकुमारांनी ऋषींना पुन्हा तरुण केलं ती कथा. महाभारतातल्या कथेत मात्र अवलेह नाही. तिथे ऋषी अश्विनीकुमारांबरोबर पाण्यात उतरतात आणि तरुण होऊन बाहेर येतात. पाककृती आहे ती चरकसंहितेत. या ग्रंथाच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनांचा आहे आणि त्यात च्यवनप्राश येतं. हे खाऊन च्यवन पुन्हा तरुण झाले असं तिथे सांगितलं आहे.

कृती वाचली तर ती एखाद्या कसलेल्या स्वयंपाकिणीने सांगावी तशी आहे. मोजून पाचशे आवळे घ्यायचे. दशमुळं, बला, पिंपळी, द्राक्षं, गुळवेल, हिरडा, पुनर्नवा, विदारीकंद अशा वनस्पती प्रत्येकी एक पल घ्यायच्या. पल म्हणजे आजच्या मापाने सुमारे ४८ ग्रॅम. हे सगळं पाण्यात शिजवायचं. आवळे मऊ झाले की काढून त्यांच्या बिया आणि रेषा काढायच्या. मग तो गर तूप आणि तेल मिळून बारा पलांत परतायचा. काढा आणि अर्धी तुला साखर घालून चाटणासारखं होईपर्यंत शिजवायचं. थंड झाल्यावर सहा पल मध, आणि वरून वंशलोचन, पिंपळी, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर यांचं चूर्ण.

अर्धी तुला म्हणजे पन्नास पल, म्हणजे सुमारे २.४ किलो. मध तीनशे ग्रॅमच्या आत. तूप-तेल मिळून पावणेसहाशे ग्रॅम. आता पाचशे आवळे म्हणजे किती, हा खरा प्रश्न आहे. आज बाजारात जो मोठा कलमी आवळा मिळतो तो चाळीस-पन्नास ग्रॅमचा असतो. तसे पाचशे घेतले तर वीस किलोच्या वर जातील आणि त्यात अडीच किलो साखर टिकाऊपणाला पुरणारच नाही. पण रानातला आवळा लहान असतो, बारा-पंधरा ग्रॅमचा. त्याचे पाचशे म्हणजे सहा-सात किलो. म्हणजे साखरेच्या अडीच ते तीन पट आवळा. गर परतून, पाणी आटवून शेवटी जे उरेल त्यात साखर साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास बसते, असा माझा स्वयंपाकघरातला हिशेब आहे. आमच्या डब्यातली साखर साठ टक्क्यांच्या वर होती.

साखरसुद्धा आजची नव्हे. ग्रंथात तिला मत्स्यंडिका म्हटलं आहे. नाव ऐकून दचकू नका, माशाच्या अंड्यांसारखी दिसणारी कणीदार, अर्धवट शुद्ध केलेली साखर असा त्याचा अर्थ. गूळ, मग मत्स्यंडिका, मग खांड, मग शर्करा अशी तेव्हाची चढती पायरी होती. शरीराला ती आजच्या साखरेपेक्षा फार वेगळी लागत असेल असं मात्र समजू नका. उसाची गोडी ती उसाचीच.

ही साखर आणि हे तूप तिथे चवीपुरतं घातलेलं नव्हतं. आपण मोरावळा करतो तेव्हा आवळ्याच्या बरोबरीने, कधी सव्वापट-दीडपट साखर घालतो ती का? कमी घातली तर महिनाभरात वर पांढरी बुरशी धरते. साखर फळातलं पाणी बांधून ठेवते, बुरशीला वापरायला पाणी उरत नाही. तूप-तेलात गर परतण्याचं कामही तेच, ओल काढून टाकणं. कढईत गर तूप सोडू लागला, कडेने तूप सुटून वर आलं, की ओल गेली. पाक झाल्याची जुनी परीक्षाही आजीच्या लाडवाच्या पाकासारखीच आहे. तार सुटली पाहिजे, पाण्यात टाकलेला थेंब न पसरता तळाशी बसला पाहिजे, आणि चिमटीत दाबला तर बोटाच्या रेषा उमटल्या पाहिजेत. पाक कमी राहिला तर बुरशी येते, जास्त झाला तर महिन्याभरात साखरेची कणी बसते. तूप जुनं असेल तर खवट वास येतो. घरी केलेलं असो की विकत आणलेलं, यातलं काही दिसलं तर ते टाकून द्यावं.

आता हे कोणासाठी होतं ते पाहू. ग्रंथात खोकला आणि दम्याचे रोगी, छातीला इजा होऊन झिजलेले, आवाज बसलेले, म्हातारे, आणि ज्यांचं अंग भरायचं आहे अशी लहान मुलं यांची नावं आहेत. म्हणजे ज्यांच्या अंगावर मांस राहिलेलं नाही, ज्यांना जेवण जात नाही, अशा माणसांसाठी थोडक्यात भरपूर शक्ती देणारं हे चाटण. साखर आणि तूप या माणसांना मुद्दाम हवं होतं. त्यातही हे लगेच खायला द्यायचं नसे. रसायन घेण्याआधी शरीराची शुद्धी करायची, पथ्याने राहायचं. आणि मात्रा सांगताना वजन दिलेलंच नाही. जेवढ्याने जेवणाची भूक मरणार नाही तेवढं घ्यावं, असा त्या सांगण्याचा भाव आहे. माझ्या मते या सगळ्या कृतीत हेच वाक्य सगळ्यात मोलाचं आहे आणि आपण नेमकं तेच विसरलो.

कोणी म्हणेल, त्या यादीत मूत्राचे दोषही आहेत, मग मधुमेहाला चालतंच की. असं मलाही एकांनी सांगितलं. पण त्याच चरकसंहितेत त्याच चिकित्सास्थानाचा सहावा अध्याय प्रमेहाचा आहे. त्यात प्रमेह कशाने होतो ते सांगताना बसून राहणं, झोपून राहणं, दही, दूध, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावं घेतली आहेत. एकच ग्रंथ झिजलेल्याला साखर-तूप देतो आणि प्रमेहवाल्याला गोडापासून दूर ठेवतो. वाग्भटांनी प्रमेहासाठी आवळा आणि हळद ही जोडी श्रेष्ठ मानली आहे. आवळा तोच, पण त्याच्याबरोबर साखर नाही.

आता आपल्या घरातला प्रश्न. आपल्याकडे अष्टमूलगुणांत मद्य, मांस आणि मधाचा त्याग पहिला. त्यामुळे ग्रंथातलं च्यवनप्राश जसंच्या तसं आपल्याला कधीच चालणारं नव्हतं. त्यासाठी आपल्यातल्या वैद्यांनी वेगळी वाट काढली होती. उग्रादित्याचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, 'कल्याणकारक' नावाचा वैद्यकग्रंथ लिहिला. मद्य, मांस आणि मध टाळून उपचार सांगणारा हा ग्रंथ. तो १९४० साली आपल्या सोलापुरातूनच छापून निघाला, हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे मधाशिवाय औषध करण्याची आपली परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. कंदमुळाचा प्रश्नही आहेच, विदारीकंद तर नावातच कंद आहे. काही घरांत वाळलेलं काष्ठौषध म्हणून चालतं, काही घरांत नाही. ते ज्याने त्याने आपल्या महाराजांना किंवा माताजींना विचारावं.

मधाबद्दल मात्र एक गोष्ट मनात पक्की बसवा. 'मधरहित' म्हणजे 'साखररहित' नव्हे. मूळ कृतीत मधाचा वाटा साखरेच्या आठव्या हिश्श्याइतका होता. तो काढला की पातळपणा आणि गोडी भरून काढायला साखरेचा पाक येतो. आपण आनंदाने मधरहित डबा उचलतो तेव्हा हिंसेचा एक दोष टळतो हे खरं, पण साखर मात्र तेवढीच किंवा थोडी जास्तच येते. आम्ही फसलो ते इथेच. डब्याच्या पुढच्या बाजूवर आमच्या धर्माला हवं ते लिहिलेलं होतं, म्हणून मागची बाजू कोणी वाचलीच नाही.

आमच्या आजेसासूबाई घरीच हे अवलेह करायच्या. त्यांच्या वहीत मोडक्या अक्षरांत लिहिलेली कृती अजून आहे. मळ्यातल्या झाडाचे दोन पायल्या आवळे, घरचं तूप, गावच्या वैद्याने बांधून दिलेली औषधांची पुडी, आणि साखर 'दोन शेर, असेल तर'. 'असेल तर' हे दोन शब्द वाचून मी थांबले. आई सांगतात, तेव्हा साखर मोजून यायची आणि कुलपात असायची. एवढ्या साखरेचं अवलेह वर्षभर टिकायचं नाही, फाल्गुनापर्यंत संपवायचं. आणि ते सगळ्यांना मिळायचंच नाही. बाळंतीण, क्षयातून उठलेला दीर, अंथरुणाला खिळलेले आजोबा यांना बोराएवढा गोळा. बाकीच्यांनी कढईचं खरवडलेलं बोट चाटायचं.

मग काळ बदलला. आपल्या महाराष्ट्रात पनवेलच्या धूतपापेश्वरसारख्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकातच औषधं बनवायला सुरुवात केली होती. कलकत्त्याच्या डाबरने १९४९ साली च्यवनप्राश डब्यात भरून बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर आपल्या भागात एकामागून एक कारखाने उभे राहिले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण आपल्या स्वयंपाकघरात त्या येऊन मिळाल्या. कुलपातली साखर पोत्यात आली आणि वैद्याच्या पुडीतलं औषध दुकानाच्या फळीवर आलं. फळीवर दोन-तीन वर्षं टिकायला साखर हवी, मुलांनी हट्ट करून मागायला गोडी हवी. झिजलेल्या माणसाचं चाटण घरातल्या सगळ्यांचं झालं.

शेवटचा बदल आपण डोळ्यांनी पाहिला. २०२० साली करोनाच्या वेळी आयुष मंत्रालयाने जी सूचना काढली, त्यात सकाळी १० ग्रॅम च्यवनप्राश घ्यावं असं होतं. त्याच ओळीपाठोपाठ मधुमेहींनी साखररहित घ्यावं असंही होतं. पहिलं वाक्य सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं, दुसरं कोणी पुढे पाठवलं नाही. तेव्हापासून 'इम्युनिटी' हा शब्द डब्यावर मोठा झाला. जुन्या ग्रंथात बळ आहे, खोकला आहे, दमा आहे. रोज एक चमचा घेतला की कोणताही साथीचा ताप येणार नाही, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. आवळ्याचे गुण हवे असतील तर थंडीत रोज एक मध्यम ताजा आवळा मीठ लावून खाल्ला तरी 'क' जीवनसत्त्वाची दिवसाची गरज बहुतेक भागते. तासन्‌तास शिजवलेल्या अवलेहात ते तेवढं उरत नाही.

आता लहान मुलांबद्दल. माझ्या नणंदेचा मुलगा चार वर्षांचा. सकाळी चमचाभर च्यवनप्राश, वर दोन चमचे साखरेचं दूध. संध्याकाळी पुन्हा तसंच, आणि झोपताना बोटाला लावून थोडं. तो भाकरी खात नाही, वरणभात खात नाही, म्हणून नणंदबाई काळजीत. आणि तो जेवत नाही म्हणून शक्तीसाठी च्यवनप्राश अजून थोडं जास्त. मी हिशेब केला तर चाटण आणि दूध मिळून त्याच्या पोटात दिवसाला चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर जात होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मोठ्या माणसालाही वीस-पंचवीस ग्रॅमच्या वर साखर नको म्हटलं आहे. एवढ्या गोडीने त्याची भूकच मरत होती. जेवणाची भूक मरेल एवढं देऊ नये, हे दोन हजार वर्षांपूर्वीचं सांगणं इथे अगदी तंतोतंत लागू पडलं. नणंदबाईंनी रात्रीचं पूर्ण बंद केलं, कारण चिकट गोड दातांवर राहून झोपलं की दात किडतात. सकाळचं अर्ध्या चहाच्या चमच्यावर आणलं, आणि तेही जेवणानंतर, वर पाण्याने चूळ. दूध बिनसाखरेचं. पंधरा दिवस त्याने रडारड केली, मग भाकरी-आमटीला हात घालू लागला.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला वरची साखर नकोच असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, म्हणून त्याला च्यवनप्राशची घाई करू नये. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध असलेलं तर अजिबात नाही. आपल्या घरात मध नसतो, पण शेजारणीने प्रेमाने बोटाला लावून चाटवलं असं होतं. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. ती मोठ्यांना बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. अवलेहात मध गार झाल्यावर घालतात, आणि उकळलं असतं तरी ती बीजं सहजी मरत नाहीत.

तुपाबद्दल दोन शब्द, कारण मैत्रिणी मला तुपाचंच विचारतात. जुन्या मापाने अवलेहात तूप-तेलाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास येतो, आजच्या पुष्कळ डब्यांत त्याहून कमी. दहा ग्रॅमच्या चमच्यात एक ग्रॅम तूप. पोळीला आपण याहून जास्त लावतो. त्यामुळे मधुमेहींसाठी काळजीची गोष्ट साखर आहे, तूप नव्हे. तुपामुळे साखर रक्तात थोडी सावकाश जाते एवढाच फरक. पण याचीच दुसरी बाजू लक्षात ठेवा. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर अचानक उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर हाताशी गोड म्हणून च्यवनप्राश देऊ नका. तेव्हा लवकर चढणारं हवं. माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या.

आणि 'शुगरफ्री' डबा? आम्ही तोही आणला. त्यात साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉलसारखे गोड पदार्थ असतात. त्यांनी साखर कमी चढते, पण काही प्रकारांनी थोडी चढतेच, आणि चमच्यावर चमचे घेतले तर पोट बिघडून जुलाब होतात. काही घरगुती डब्यांवर 'साखर नाही' लिहिलेलं असतं आणि आत गूळ किंवा खजूर असतो. मधुमेहींच्या रक्ताला गूळ, खजूर आणि साखर यांत फारसा फरक कळत नाही. म्हणून डबा घेताना गोडी कशाने आणली आहे ते वाचा. लिहिलेलं नसेल तर विचारा. घेतलाच तर मात्रा दहा ग्रॅमच्या आत, आणि तेही डॉक्टरांना सांगून. सुरू केल्यावर आठवडाभर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर मोजून पाहा. आकडाच खरं काय ते सांगतो.

आता आमच्या आईंकडे येते. मी त्यांना डब्याचा हिशेब सांगितला तेव्हा त्यांनी आधी साखरेच्या आकड्याचं काही विचारलंच नाही. बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सहा वर्षं माझा नियम मोडत होता गं?" मला काय बोलावं ते सुचलं नाही. आपल्यात रसत्याग करताना दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ असे सहा रस धरतात. या एका चमच्यात त्यातले तीन होते, तूप, तेल आणि साखर. औषध या नावाखाली तिन्ही रोज जात होते. पुढच्या रविवारी आम्ही दोघी माताजींच्या दर्शनाला गेलो. आईंनी सगळं सांगितलं. माताजींनी त्यांना एक छोटं प्रायश्चित्त दिलं आणि म्हणाल्या, नकळत घडलं, आता कळल्यावर घडू देऊ नका.

तेव्हापासून आईंनी च्यवनप्राश पूर्ण बंद केलं. डॉक्टरांना विचारून त्या सकाळी ताज्या आवळ्याचा रस दोन चमचे घेतात, साखर-मीठ काही न घालता, आणि आवळ्याचा हंगाम संपला की वाळवलेल्या आवळ्याची पूड. गोळ्या त्यांच्या होत्या तशाच चालू आहेत. दोन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर १३८ आली. थंडी सरल्यावर त्यांचं सकाळचं चालणं पुन्हा सुरू झालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय डबा बंद केल्याला देता येणार नाही. पण डॉक्टर म्हणाले, रोजचे पाच चमचे गेले, फरक पडणारच.

आजेसासूबाईंच्या वहीतली कृती यंदा मी करणार आहे, मधाशिवाय आणि आमच्या घरात चालणाऱ्या औषधांचीच. एक किलो आवळ्याच्या गराला चारशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम तूप. टिकाऊ होणार नाही हे माहीत आहे, म्हणून थोडंच करून फ्रीजमध्ये ठेवीन आणि महिन्या-दीड महिन्यात संपवीन. ते आमच्या मामेसासऱ्यांसाठी आहे. पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन वजन फार उतरलं आहे त्यांचं, जेवण जात नाही आणि मधुमेह नाही. डॉक्टरांना विचारलं आहे. बोराएवढा गोळा, दिवसातून एकदा. बाकी आम्ही कढईचं खरवडलेलं बोट चाटू. आई मात्र तेवढंही नाही.

तुमच्या कपाटातला डबा आज एकदा उलटा करून वाचा. आणि तो किती दिवसांत संपतो, ते तारीख टाकून ठेवा.

जय जिनेंद्र.